शॉर्ट व्हिडिओचा रिटेन्शन ग्राफ कसा वाचायचा? प्रेक्षक नेमका कुठे सटकतो ते शोधूया

शॉर्ट व्हिडिओ टाकला की सगळ्यात आधी आपण व्ह्यूज बघतो. पण व्ह्यूजचा आकडा एकच गोष्ट सांगतो, व्हिडिओ किती वेळा सुरू झाला. त्यातही यूट्यूबने 31 मार्च 2025 पासून शॉर्ट्सचे व्ह्यूज मोजायची पद्धत बदलली. आता शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा पहिल्यापासून चालू झाला, की तो एक व्ह्यू धरतात, मग समोरच्याने तो अर्धा सेकंद बघितलेला असो की पूर्ण. जुन्या पद्धतीचा आकडा ॲनालिटिक्समध्ये Engaged views या नावाने वेगळा दिसतो. म्हणजे नुसत्या व्ह्यूजवरून लोकांनी व्हिडिओ कुठपर्यंत पाहिला ते कळायची सोयच नाही.

ते कळतं रिटेन्शन ग्राफवरून. यूट्यूब स्टुडिओ ॲप उघडा, तुमचा शॉर्ट निवडा, Analytics मध्ये जा आणि थोडं खाली सरकलात की Audience retention हा आलेख सापडेल. इन्स्टाग्रामवर रीलच्या इनसाइट्समध्येही अशीच रेघ असते. या लेखात मी यूट्यूब शॉर्ट्स धरून सांगतोय, पण एकदा वाचायची पद्धत समजली की कुठलाही ग्राफ वाचता येईल.

ही रेघ नेमकी कशाची आहे?

आडव्या बाजूला व्हिडिओची वेळ असते, शून्यापासून शेवटच्या सेकंदापर्यंत. उभ्या बाजूला टक्के असतात. यूट्यूब व्हिडिओचे 100 समान तुकडे करतं आणि प्रत्येक तुकडा एकूण किती वेळा पाहिला गेला ते मोजतं. त्या संख्येवरून त्या जागेचे टक्के मिळतात. असे 100 ठिपके जोडले की झाली रेघ तयार.

व्हिडिओ 30 सेकंदांचा असेल तर एक ठिपका 0.3 सेकंदाचा, म्हणजे जवळजवळ एका शब्दाएवढा बारीक. ऑक्टोबर 2024 पासून शॉर्ट 3 मिनिटांपर्यंत लांब असू शकतो. तेवढ्या लांब शॉर्टमध्ये एक ठिपका 1.8 सेकंदांचा होतो. म्हणून छोट्या शॉर्टमध्ये ‘या शब्दाला लोक गेले’ असं बोट ठेवता येतं, लांब शॉर्टमध्ये ‘या वाक्याच्या आसपास’ एवढंच म्हणता येतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मोजलं जातं ते माणसांना नाही, तर ‘तुकडा किती वेळा पाहिला गेला’ याला. एकाच माणसाने एक तुकडा दोनदा पाहिला तर तो दोनदा मोजला जातो. म्हणूनच रेघ 100 टक्क्यांच्या वर जाऊ शकते. 100 च्या वर गेलेली रेघ बघून ॲप बिघडलं असं समजू नका.

आणि बघणाऱ्यांसाठीही सांगून ठेवतो, क्रिएटरला तुमचं नाव दिसत नाही. तुम्ही अंगठ्याने व्हिडिओ वर सरकवलात, तर तुमचं जाणं बाकी सगळ्यांच्या जाण्यात मिसळून फक्त रेघ किंचित खाली येते.

एक खरंखुरं काम करूया

नुसत्या व्याख्या वाचून ग्राफ कळत नाही, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवूया. माझ्या मावसभावाचं कराडला मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. दुकानात रोज तीच तक्रार येते, ‘चार्जिंग हळू होतंय’ किंवा ‘केबल सैल बसतेय’. बऱ्याच वेळा पोर्टमध्ये खिशातला कापूस आणि धूळ दाबून बसलेली असते, बाकी फोन ठणठणीत असतो. म्हणून त्याने ‘चार्जिंग पोर्ट घरी कसा साफ करायचा’ असा 30 सेकंदांचा शॉर्ट केला. तो मधल्या भागात सांगतो, आधी फोन पूर्ण बंद करा, आणि पिन किंवा सुई घालू नका, लाकडी टूथपिक वापरा. हे दोन्ही महत्त्वाचं आहे, कारण चालू फोनच्या पोर्टमध्ये धातूची वस्तू घातली तर आतले बारीक कॉन्टॅक्ट शॉर्ट होऊ शकतात किंवा वाकू शकतात.

दोन दिवसांनी त्याने मला ग्राफ दाखवला आणि म्हणाला, “दादा, लोक सूचना ऐकतच नाहीत. ते वाक्य आलं की पळतात. काढून टाकू का?”

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर कोणाचा तरी फोन अवलंबून आहे. म्हणून आम्ही ग्राफ नीट वाचायला बसलो. वाचायला सोपं जावं म्हणून आकडे गोल करून देतोय.

रेघ सुरू होते 112 टक्क्यांवर. तिसऱ्या सेकंदाला 84 वर येते. नवव्या सेकंदाला 80. तिथून एकदम घसरून तेराव्या सेकंदाला 58. मग एकविसाव्या सेकंदापर्यंत जवळजवळ सपाट, 56 च्या आसपास. बाविसाव्या सेकंदाला छोटा उंचवटा, 63 पर्यंत. सव्विसाव्या सेकंदाला 52, आणि शेवटच्या चार सेकंदांत थेट 30.

सुरुवातीची घसरण: जेवढी दिसते तेवढी नसते

112 वरून 84, म्हणजे तीन सेकंदांत 28 चा खड्डा. पहिल्या नजरेला वाटतं सुरुवातच फसली. पण वरचे 12 टक्के कुठून आले ते बघा. शॉर्ट संपला की आपोआप पुन्हा सुरू होतो. शेवटपर्यंत 30 टक्के पोहोचले. त्यातल्या काहींनी लगेच अंगठा हलवला नाही, त्यामुळे व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून चालू झाला आणि सुरुवातीचे तुकडे त्यांच्याकडून दुसऱ्यांदा मोजले गेले. हे लोक एक-दोन सेकंदांत ‘अरे, हे तर पाहिलं’ म्हणून पुढे जातात.

म्हणजे त्या 28 पैकी साधारण 10 ते 12 ही दुसऱ्या फेरीतली माणसं आहेत. त्यांनी व्हिडिओ आधीच पूर्ण पाहिलाय, त्यांचं जाणं म्हणजे नुकसान नाही. पहिल्यांदा बघणाऱ्यांमधले गेले ते साधारण 16 ते 18. शॉर्टमध्ये पहिल्या काही सेकंदांत घसरण होतेच, कारण समोर काय आहे हे बघून लोक ठरवत असतात. म्हणून सुरुवात 100 च्या वर असेल तर वरचा भाग मनातल्या मनात कापून मग घसरण मोजा.

आणखी एक दार या रेघेच्याही आधी असतं. फीडमध्ये शॉर्ट समोर आला, आणि माणूस थांबला की सरळ वर सरकवून गेला, याचा हिशोब यूट्यूब वेगळा देतं, थांबणारे आणि सरकवून जाणारे अशा दोन टक्क्यांत. या शॉर्टला ते 64 आणि 36 होते. पहिली फ्रेम आणि पहिला शब्द कसा आहे, हे आधी या आकड्यात दिसतं. त्यानंतर व्हिडिओच्या पोटात काय झालं, ते ग्राफ सांगतो.

मधला कडा: खरं दुखणं इथे

नवव्या ते तेराव्या सेकंदात रेघ 80 वरून 58 वर आली. नुसतं ‘22 टक्के गेले’ असं म्हटलं तर चुकीचं चित्र उभं राहतं. त्या क्षणी हजर होते 80, त्यातले 22 गेले. 22 भागिले 80 केलं तर साडेसत्तावीस टक्के येतात, म्हणजे हजर असलेल्या दर चौघांपैकी एकाहून जास्त. घसरण मोजताना नेहमी त्या जागी उरलेल्या लोकांच्या संख्येने भागा, नाहीतर व्हिडिओच्या उत्तरार्धातल्या मोठ्या गळत्या लहान दिसतात.

आता कारण. दुसरी काळजी घ्यायची ती अशी की रेघ पडते ती कारणानंतर. माणसाला कंटाळा येतो, मग तो ठरवतो, मग अंगठा हलतो. यात एखाद-दोन सेकंद सहज जातात. म्हणून नवव्या सेकंदाला कडा दिसला तर नवव्या सेकंदाचीच फ्रेम बघत बसू नका. सात ते नऊ हा भाग पुन्हा पुन्हा लावून बघा.

आम्ही तेच केलं. सातव्या सेकंदापर्यंत पडद्यावर पोर्टचा क्लोजअप होता, आत अडकलेला कापूस स्पष्ट दिसत होता. आठव्या सेकंदाला कट होऊन भाऊ स्वतः कॅमेऱ्यात आला, दुकानाच्या काउंटरमागे उभा. पुढचे पाच सेकंद तो नुसता बोलत होता. सूचना नवव्या सेकंदाच्या जरा आधी सुरू झाली होती.

म्हणजे एकाच जागी दोन गोष्टी बदलल्या होत्या, विषय आणि चित्र. लोक सूचनेला कंटाळून गेले, की ज्यासाठी थांबले होते तो कापूस पडद्यावरून गायब झाला म्हणून गेले? ग्राफ हे सांगूच शकत नाही. तो ‘कुठे’ सांगतो, ‘का’ सांगत नाही. सूचना काढून टाकली असती तर रेघ कदाचित वर आली असती, पण मग चालू फोनमध्ये पिन घालणारे प्रेक्षक तयार झाले असते.

उंचवटा आणि शेवट

बाविसाव्या सेकंदाचा उंचवटा बघा. मध्येच रेघ वर कशी चढली? नवीन लोक अचानक बाविसाव्या सेकंदाला येत नाहीत. बहुतेक वेळा बघणाऱ्यांनी खालची पट्टी मागे ओढून तोच भाग परत पाहिलेला असतो. इथे त्या क्षणी टूथपिकला चिकटून कापसाचा गोळा बाहेर येतो. लोकांना तो परत बघायचा होता. पण सावध राहा, उंचवटा कधीकधी ‘समजलं नाही, परत बघतो’ याचाही असतो. पडद्यावर लांबलचक मजकूर दोन सेकंदांत दाखवून काढून घेतलात तरी असाच उंचवटा येतो. त्या जागी काय होतं ते बघूनच अर्थ लावायचा.

शेवटी 52 वरून 30. सव्विसाव्या सेकंदाला भाऊ म्हणतो, “तर मित्रांनो, व्हिडिओ आवडला असेल तर...” पुढचं वाक्य ऐकायला बरेच जण थांबलेच नाहीत. ‘तर मित्रांनो’ ऐकलं की काम संपलं, हे सगळ्यांना पाठ झालंय.

सरासरीचा फसवा आकडा

ग्राफजवळच सरासरी किती टक्के पाहिलं गेलं तेही दिसतं. इथे ते 65 टक्के होतं, म्हणजे 30 पैकी साडेएकोणीस सेकंद. हा वेगळा आकडा नाही. रेघेची सरासरी उंची काढली की हाच मिळतो. म्हणून दोन व्हिडिओंची सरासरी 65 असली तरी एकात सावकाश गळती असेल आणि दुसऱ्यात एकच मोठा कडा असेल. दोघांवरचा उपाय वेगळा.

यातली गंमत पुढे आहे. समजा भावाने शेवटचे चार सेकंद कापून व्हिडिओ 26 सेकंदांचा केला आणि बाकी सगळं तसंच राहिलं. रेघेचा सगळ्यात खालचा भागच निघून गेल्यामुळे सरासरी 69 टक्के होईल. पण लोकांनी बघितलेले सेकंद मात्र साडेएकोणीसवरून 18 वर येतील! टक्के वाढले म्हणून कोणी जास्त थांबलं असं नाही. त्यामुळे 15 सेकंदांच्या आणि 50 सेकंदांच्या शॉर्टची टक्केवारी शेजारी ठेवून तुलना करू नका. लांबी साधारण सारखी असलेलेच व्हिडिओ एकमेकांशी ताडून बघा. स्टुडिओही साधारण तशीच तुलना दाखवतं.

मग केलं काय?

यूट्यूबवर टाकलेला व्हिडिओ त्याच लिंकवर बदलून नवा ठेवता येत नाही. त्यामुळे सुधारणा पुढच्या व्हिडिओत करायची. पुढचा शॉर्ट होता स्पीकरची जाळी साफ करण्याचा, 28 सेकंदांचा. मांडणी तीच आणि सूचनाही ठेवली, फोन बंद करा आणि पिन घालू नका. मध्यभागात बदललं ते फक्त चित्र. सूचना चालू असताना कॅमेरा चेहऱ्यावर गेलाच नाही. पडद्यावर हाताने फोन बंद करताना दाखवलं, पिन बाजूला सरकवली, मऊ ब्रश उचलला. आवाज वरून चालूच. शेवटी ‘तर मित्रांनो’ न म्हणता स्वच्छ जाळीवर व्हिडिओ संपवला.

या वेळी सूचनेच्या जागी रेघ 81 वरून 72 वर आली. हजर असलेल्या दर नऊ जणांपैकी एक गेला. आधी चौघांत एकाहून जास्त जात होता. शेवटी 30 ऐवजी 49 टक्के पोहोचले. म्हणजे दोष सूचनेचा कमी आणि रिकाम्या चित्राचा जास्त असावा, असं मानायला जागा झाली. ‘असावा’ म्हणतोय, कारण विषयही वेगळा होता. असाच निकाल आणखी दोन-तीन व्हिडिओंत दिसला तर भरवसा वाढेल. आणि बदल एका वेळी एका जागी एकच करायचा. संगीत, कट आणि सूचना तिन्ही एकाच ठिकाणी बदलली असती तर कशाने फरक पडला ते कळलंच नसतं.

गंमत म्हणजे त्या दुसऱ्या शॉर्टला व्ह्यूज पहिल्यापेक्षा कमी आले. थांबणाऱ्यांचा आकडा 64 वरून 55 वर घसरला होता. पहिल्या फ्रेममध्ये जाळीची धूळ नीट दिसतच नव्हती, त्यामुळे थांबणारेच कमी झाले. जे थांबले ते मात्र जास्त वेळ बसले. ग्राफ चांगला आणि व्ह्यूज कमी, असं असेल तर मधला भाग उगाच उसवत बसू नका. पहिली फ्रेम बदला.

ग्राफवर कधी विश्वास ठेवायचा नाही?

पहिलं, घाई करू नका. रिटेन्शनचा डेटा तयार व्हायला साधारण एक-दोन दिवस लागतात. व्हिडिओ टाकल्यावर तासाभरात काही दिसत नसेल तर वाट बघा.

दुसरं, व्ह्यूज कमी असतील तर रेघेच्या बारीक हालचालींना अर्थ नसतो. 50 व्ह्यूज असतील तर एक माणूस गेला की रेघ 2 टक्क्यांनी खाली येते. तिघा मित्रांनी प्रेमाने व्हिडिओ दोनदा पाहिला, तरी ग्राफवर टेकडी उभी राहते. अशा वेळी फक्त मोठे कडे बघा, छोट्या सुरकुत्या सोडून द्या.

तिसरं, प्रेक्षक कुठून आला ते बघा. फीडमध्ये सहज समोर आलेला माणूस आणि ‘चार्जिंग पोर्ट कसा साफ करायचा’ असं सर्च करून आलेला माणूस वेगळा वागतो. सर्चवाल्याला अडचण सोडवायची असते, तो हळू बोललेलंही ऐकतो. व्हिडिओ जुना झाला आणि सर्चमधून जास्त लोक यायला लागले, तर त्याच व्हिडिओची रेघ काही न बदलता वर जाऊ शकते.

भावाचा पोर्टवाला शॉर्ट अजून तसाच आहे, कड्यासकट. दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाने त्याला सांगितलं, व्हिडिओ बघून आधी फोन बंद केला आणि मग टूथपिक घातली. त्या माणसाने नववा ते तेरावा सेकंद पाहिला होता. ग्राफमध्ये तो 58 टक्क्यांच्या बाजूला आहे.